फराळ उशिरा पोहोचतोय, त्याबद्दल मनापासून माफी

नमस्कार मंडळी,

वसुबारसेपर्यंत फराळ घरपोच देते असं सांगून मी तुमच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. आज शनिवार, धनत्रयोदशीचे दिवे लागले तरी बऱ्याच जणांचा डबा अजून दुकानातच आहे. वर तुमचे फोनही धड उचलले गेले नाहीत. दोन्हीबद्दल माफी मागते.

काय झालं ते सांगते. मंगळवारी आमच्या नेहमीच्या गिरणीची मोटर जळाली, ती काल दुपारी सुरू झाली. तोवर भाजणी आणि लाडवांचं बेसन दोन्ही अडकलं. दुसऱ्या गिरणीत नेलं तर तिथे दिवाळीची रांग, आणि गव्हावर दळलेल्या भाजणीची चकली मी तुम्हाला देणार नाही. पण खरं सांगायचं तर मोटर चालू असती तरी थोडा उशीर झालाच असता. दसऱ्यानंतर ऑर्डरी बंद करायला हव्या होत्या. जुनी माणसं फोन करतात, नाही म्हणवत नाही, आणि मी घेत गेले.

आता पुढचं, ते नीट वाचा.

रव्याचे लाडू, शंकरपाळे, चिवडा, शेव आणि सुक्या खोबऱ्याच्या करंज्या तयार आहेत. चकलीसाठी अख्खा डबा अडवून ठेवत नाही. हे सगळं उद्या, रविवारी, घरोघरी पोहोचेल, म्हणजे सोमवारी पहिल्या आंघोळीनंतर ताटात फराळ असेल. सकाळी टिळकनगर, रामनगर आणि पेंडसेनगर. दुपारनंतर एमआयडीसी निवासी विभाग. संध्याकाळी पश्चिमेला विष्णुनगर आणि तिथून ठाकुर्ली.

चकली आणि बेसनाचे लाडू सोमवारी दुपारनंतर आणि मंगळवारी लक्ष्मीपूजनाच्या आत वेगळे पाठवते. सोमवारी सकाळी मात्र कुणालाही वेळ देत नाही. दिवाळी पहाटेला फडके रोडवर काय गर्दी असते ते डोंबिवलीकरांना मी काय सांगू, स्कूटर सोडा, माणूस पुढे सरकत नाही.

अनारसे मागवलेल्यांना थोडं जास्त थांबावं लागेल. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, पीठ गुळात मुरवून ठेवलंय, त्यात कसर नाही. पण तळणारी एकच बाई आहे, आणि तिला घाई केली की अनारसा तेलात हसलाच म्हणून समजा. बुधवारी पाडव्याला सकाळी देते. ज्यांच्या घरी जावयाचा पहिला दिवाळसण आहे त्यांनी आजच कळवा, तुमचे अनारसे सगळ्यांच्या आधी काढून ठेवते.

परदेशी मुलांना पाठवायची पार्सलं महिन्याच्या सुरुवातीलाच रवाना झाली आहेत, ती काळजी करू नका.

पैशांचं: या दिवाळीत उशिरा पोहोचणाऱ्या कुठल्याही डब्याला घरपोच आणण्याचे पैसे घेणार नाही. ज्यांनी आधी भरलेत त्यांना परत करते. थांबणं शक्य नसेल तर ऑर्डर रद्द करा, पूर्ण रक्कम त्याच दिवशी यूपीआयने परत मिळेल. मनात काही धरणार नाही, तुमच्या घरी पाहुणे यायचे आहेत हे मला कळतं. सोबत शेवेचं एखादं पाकीट फुकट टाकावं असं मनात आलं होतं, पण ते भरायला पुन्हा हेच हात लागणार आणि तुमच्या चकल्या आणखी मागे पडणार. म्हणून ते नको.

ज्यांना जमेल त्यांनी उद्या दुकानातून डबा नेला तर मोठी मदत होईल. सकाळी आठ ते रात्री दहा उघडं आहे. येताना ऑर्डरचा मेसेज दाखवा, नाव शोधत बसावं लागणार नाही.

याच नंबरवर एका शब्दात उत्तर द्या: "पाठवा", "नेतो" किंवा "रद्द". फोन केलात तर दुपारी दोन ते चार मी स्वतः उचलेन, बाकी वेळ हात पिठात असतात.

आणि एक विनंती. डबे आणणारी मुलं कॉलेजातली आहेत, सुट्टीत काम करतायत. उशिरात त्यांचा काही हात नाही. रागवायचं असेल तर दुकानात येऊन मला रागवा, चहा पाजते.

तुमच्या फराळवाल्या काकू
डोंबिवली पूर्व