शर्वाणी देवरूखकर: परिचय

शर्वाणी देवरूखकर या जुन्या हस्तलिखितांच्या संवर्धनाचे काम करतात. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर त्या प्रयोगशाळेतच रमतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एका अभिलेखागारातील तात्पुरत्या नेमणुकीत हाती आलेल्या, अक्षरांच्या जागी चक्क भोके पडलेल्या दस्तऐवजांनी त्यांची दिशा बदलली आणि गेली 11 वर्षे त्या याच कामात आहेत.

मायफळातील टॅनिन आणि लोहक्षार यांपासून केलेली शाई हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय आहे. या शाईतील आम्लामुळे आणि मुक्त राहिलेल्या लोह आयनांमुळे कागदातील सेल्युलोज हळूहळू तुटत जाते, तर काजळीच्या शाईत हा दोष नसतो. म्हणून कोणताही उपचार करण्यापूर्वी शाई नेमकी ओळखणे त्या अत्यावश्यक मानतात. मुक्त लोह असल्यास गुलाबी होणाऱ्या बॅथोफेनॅन्थ्रोलिनच्या चाचणीपट्ट्या आणि मुक्त लोह बांधून ठेवणारे कॅल्शियम फायटेटचे पाण्यातील द्रावण या दोन्हींचा त्यांना दीर्घ अनुभव आहे. मात्र, पाण्याने ही शाई पसरू शकत असल्याने प्रत्येक पान भिजवण्याचा उत्साह त्यांना मान्य नाही.

फेलोशिपच्या काळात कोणती पाने ओल्या उपचारासाठी योग्य आहेत आणि कोणती केवळ स्थिर तापमान व नियंत्रित आर्द्रतेत जपावीत, हे ठरवण्याची, लहान ग्रंथालयांनाही परवडेल अशी निर्णयपद्धती तयार करण्याचा त्यांचा मानस आहे. त्या मराठी, हिंदी व इंग्रजीत लेखन करतात आणि मोडी लिपी वाचू शकतात.