तिसऱ्या खोलीसाठी माझी ओळख

नमस्कार,

तुमच्या फ्लॅटमधली तिसरी खोली पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून रिकामी होतेय, अशी जाहिरात काल रात्री वाचली. ती खोली मला हवी आहे. ‘स्वतःबद्दल थोडं लिहून पाठवा’ असं तुम्ही म्हटलंय. मी थोड्यापेक्षा जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्या कामाच्या वेळा चारचौघींसारख्या नाहीत. त्या तुम्हाला आधी कळाव्यात आणि मगच तुम्ही मला बोलवायचं की नाही ते ठरवावं, असं मला मनापासून वाटतं.

माझं नाव मृणाल, वय २८. एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करते, पाच वर्षं झाली. आलेलं रक्त तपासायचं, त्याचे घटक वेगळे करायचे, पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघायचं आणि वेळेवर वॉर्डात पोचवायचं, हे माझं काम. मला ते फार आवडतं. पिशवी कुणाला चढली हे आम्हाला बहुतेक वेळा कळतही नाही, पण रात्री तीन वाजता फोन येतो आणि वीस मिनिटांत पिशवी ऑपरेशन थिएटरच्या दारात असते, तेव्हा त्या दिवसाचं सार्थक होतं.

माझ्या शिफ्टा अशा: सकाळची ८ ते २, दुपारची २ ते ८ आणि नाइट रात्री ८ ते सकाळी ८. महिन्यात साधारण सात-आठ नाइट लागतात, बहुतेक दोन-दोनच्या जोड्यांत, आणि त्यांच्यानंतर एक ऑफ असतो. नाइट असली की संध्याकाळी सव्वासातला घरातून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊपर्यंत परत येते. आल्याबरोबर आंघोळ करते आणि साडेनऊ ते तीन झोपते. या साडेपाच तासांवर माझी पुढची रात्र अवलंबून असते.

तुमच्यापैकी एकजण घरून काम करते, असं जाहिरातीत आहे, म्हणून हे स्पष्टच विचारते. तिसरी खोली हॉलला लागून आहे का? असेल तर तुमचे कॉल चालू असतात आणि मी झोपलेली असते ती वेळ एकच. तुम्ही दिवसभर कुजबुजत बोलावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही, ते घर आधी तुमचं आहे. नेहमीच्या आवाजातलं बोलणं मला चालतं. मी कानात बोळे घालून झोपते आणि पाच वर्षांत त्याची सवय झाली आहे. झोप मोडते ती अचानक आलेल्या आवाजाने: भिंतीत ड्रिल, दारावरची बेल, खाली पडलेलं भांडं. त्यातलं जे टाळता येईल तेवढं टाळलंत तर पुरे. माझ्या नाइट कधी आहेत ते महिन्याच्या सुरुवातीलाच ग्रुपवर टाकत जाईन, म्हणजे सुताराला किंवा प्लंबरला कोणत्या दिवशी बोलवायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

आवाजापेक्षा मला उजेडाचा त्रास जास्त होतो. डोळ्यांवर उजेड पडत राहिला की शरीर दिवस झाला असंच धरून चालतं आणि झोप उथळ राहते. म्हणून माझ्याकडे जाड काळे पडदे आहेत, ते मी घेऊन येईन. खिडकीवर पडद्याची दांडी आहे का, आणि नसेल तर भिंतीत दोन भोकं पाडायला घरमालकांची हरकत असेल का, एवढं सांगा. जाताना भोकं बुजवून, रंगाचा हात मारून देईन.

आता माझ्या बाजूने तुम्हाला काय त्रास होऊ शकतो तेही लिहिते. सकाळची शिफ्ट असली की मी साडेपाचला उठते. पहाटे मिक्सर लावत नाही, डबा आदल्या रात्रीच भरून ठेवते. आधीच्या फ्लॅटमध्ये माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी परीक्षेचा अभ्यास करायची आणि तिला पहाटे जेमतेम झोप लागलेली असायची. दार कसं लावायचं ते तिनेच मला शिकवलं: आधी मूठ पूर्ण खाली दाबायची, दार चौकटीला टेकेपर्यंत ओढायचं आणि मग मूठ हळूहळू सोडायची. खटका वाजतच नाही. आज मी कुठलंही दार असंच लावते, दुपारीसुद्धा. तुमच्यातही एकजण अभ्यास करतेय असं वाचलं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

स्वच्छतेबद्दल माझ्या काही सवयी कामातूनच आल्या आहेत. रक्तपेढीत लाल पेशी २ ते ६ अंशांत ठेवतात. प्लेटलेट्स २० ते २४ अंशांत आणि त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात, आमच्याकडे त्या ५ दिवसांच्या आत वापरायच्या असतात. त्यामुळे तारीख न लिहिलेली वस्तू फ्रिजमध्ये ठेवायला माझा हातच धजत नाही. माझ्या प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी असते आणि तिच्यावर दिवस लिहिलेला असतो. तीन दिवसांच्या वर गेलेलं मी स्वतःच काढून टाकते. तुमच्या डब्यांना मात्र विचारल्याशिवाय हात लावणार नाही. फ्रिजमधला एखादा कप्पा किंवा अर्धा कप्पा मिळाला तरी भागेल. भांडी वापरली की लगेच घासते, सिंकमध्ये रात्रभर ठेवत नाही. नाइटच्या दिवशी मात्र सकाळी आल्यावर वापरलेलं एखादं ताट दुपारी तीनपर्यंत राहू शकतं, तेवढी सूट मागते. कामावरचे कपडे मी घरच्या कपड्यांत कधीच मिसळत नाही, त्यांची बादली वेगळी असते.

बाथरूम, हॉल आणि कचरा यांची पाळी तुम्ही आधीच ठरवली असेल तर मी तिच्यात बसेन. शिफ्टमुळे ‘दर रविवारी’ हे मला जमेलच असं नाही. त्यापेक्षा ‘आठवड्यातून एकदा, ज्या दिवशी माझा ऑफ असेल त्या दिवशी’ असं चालेल का? बाथरूम घासायचं काम कुणाला नकोसं असेल तर मला द्या, मला त्याचं काही वाटत नाही.

तुम्ही काय शिजवता, कधी जेवता, देवाधर्माचं काय करता, घरी कोण येतं यावर माझं काहीही म्हणणं नसेल. माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा आई येते आणि दोन रात्री राहते. ती माझ्याच खोलीत झोपेल आणि आठ दिवस आधी मी तुम्हाला विचारेन. मी सिगारेट ओढत नाही. घरी कुणी ओढत असेल तर गॅलरीत ओढली म्हणजे झालं.

पैशांच्या बाबतीत आधीच्या घरी मला एक वाईट अनुभव आला, तो सांगते. अ‍ॅग्रीमेंटवर आम्हा तिघींची नावं एकत्र होती आणि पूर्ण भाड्याची जबाबदारी तिघींवर मिळून होती. त्यातली एकजण मुदत संपायच्या आधी अचानक निघून गेली आणि तिच्या वाट्याचं दोन महिन्यांचं भाडं उरलेल्या दोघींनी भरलं. पैसे गेले त्याचं दुःख झालंच, पण कुणी तोंडावर येऊन ‘मला जमत नाहीये’ असं म्हणालं नाही याचं जास्त झालं. म्हणून माझ्याकडून हे लिहून देते: खोली सोडायची वेळ आली तर पूर्ण दोन महिने आधी सांगेन, माझ्या जागी कुणी शोधायला मदत करेन आणि तुम्हाला पसंत पडेल अशीच मुलगी आणेन. भाडं दर महिन्याच्या ३ तारखेच्या आत तुमच्या हातात असेल. डिपॉझिट एकरकमी देऊ शकते.

तुम्हालाही एक विनंती. मी सामान आणेन त्या दिवशी विजेच्या मीटरचा आणि खोलीच्या चारही भिंतींचा फोटो काढून ग्रुपवर टाकूया. आधीपासूनची ओल, तुटलेली फरशी, ढिली खिडकी जे काही असेल ते त्यात दिसू दे. पुढे डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी कुणी कुणावर संशय घ्यायला नको. अ‍ॅग्रीमेंट तुमच्या नावावरच राहणार आहे की माझं नाव त्यात जोडायचं, आणि घरमालकांना माझ्याबद्दल सांगितलंय का, हेही भेटल्यावर बोलू. माझं नाव कागदावर असावं असं मला वाटतं. आधीच्या घरमालकांचा नंबर देते, त्यांना बिनधास्त फोन करा. हॉस्पिटलचं ओळखपत्र आणि पगाराची स्लिपही आणेन.

आताचं घर सोडतेय त्याचं कारण कुणीही विचारेलच. तिथल्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि त्यांना जागा स्वतःसाठी हवी आहे. महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, आमच्यात काही वाद नाही. तुमचं घर माझ्या हॉस्पिटलपासून चालत वीस मिनिटांवर आहे. नाइट संपवून बसची वाट न बघता घरी पोचता येणं ही माझ्यासाठी किती मोठी गोष्ट आहे, ते शब्दांत सांगता येणार नाही.

घरात मी कशी असते? फार बडबडी नाही, पण खोलीत कोंडून घेणारीही नाही. ऑफच्या संध्याकाळी स्वयंपाक करायला आवडतो आणि चौघींचा केला तर जास्त आवडतो. कुणी आजारी असेल तर रात्री दोन वाजताही मला हाक मारा, त्या वेळी मी बहुतेक जागीच असते. एखादी गोष्ट खटकली तर मी दोन दिवसांच्या आत समोर बसून सांगते. तुम्हीही तसंच सांगावं. फ्रिजवर चिठ्ठी लावण्यापेक्षा दारावर टकटक केलेली मला बरी वाटते.

खोली बघायला या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी ५ नंतर किंवा रविवारी दुपारी ४ नंतर येऊ शकते. शनिवारी नाइट आहे, त्यामुळे रविवारी सकाळी नको. शक्य असेल तर तिघीही घरी असाल अशी वेळ सांगा. एकीला पटलं आणि दुसरीला नाही असं व्हायला नको. माझ्या शिफ्टा तुम्हाला जमणार नाहीत असं वाटलं तर तसं सरळ कळवा, मला अजिबात वाईट वाटणार नाही. फक्त शनिवारपर्यंत कळवलंत तर दुसरीकडे बघायला वेळ मिळेल.

मृणाल

ता. क. जाहिरातीतल्या फोटोत खोलीच्या खिडकीत तुमची मांजर बसलेली दिसते. ती तिची रोजची जागा असेल तर तशीच राहू दे, पलंग मी समोरच्या भिंतीला लावेन. फक्त नाइटहून आल्यावर साडेनऊ ते तीन दार बंद असेल. तेवढा वेळ ती बाहेर ओरडत बसेल का? बसणार असेल तर तिला आत घेऊनच झोपेन.