'ब' इमारतीच्या जिन्यातील पानाचे डाग काढण्याबाबत

दिनांक : ८ डिसेंबर २०२५
'ब' इमारतीतील सर्व सभासद व भाडेकरू यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या जिन्यात पहिल्या-दुसऱ्या मजल्यामधले वळण, तिसऱ्या मजल्यावरची मीटरपेटीखालची भिंत आणि गच्चीच्या दाराजवळचा कोपरा पिंका टाकून लाल झाला आहे. जिना झाडणाऱ्या मावशी आजवर हे डाग निमूटपणे खरवडत आल्या. दुसऱ्याची थुंकी काढणे हे त्यांचे काम नाही. यापुढे त्यांनी ते करू नये, असे समितीने त्यांना सांगितले आहे. भिंती आपल्या आहेत, त्या आपणच साफ करू.

रविवार, १४ डिसेंबर रोजी सकाळी ९ वाजता प्रत्येक घरातून एकाने तरी तळमजल्यावर यावे. हातमोजे, मास्क, ब्रश आणि पॉलिशपेपर सोसायटी देईल. जुनी फडकी घरून आणावीत. ज्येष्ठांनी जिने चढउतार करू नयेत, आपल्या मजल्यावर गरम पाणी दिले तरी मोठी मदत होईल.

कंबरेपर्यंतच्या ऑइलपेंटवरचे डाग गरम पाणी आणि कपड्यांच्या पावडरने बरेचसे निघतात. वरच्या डिस्टेंपरवर मात्र पाणी मारून घासू नका, रंग सुटतो आणि डाग पसरतो. तिथे पॉलिशपेपरच मारायचा आहे. धूळ उडते, म्हणून मास्क काढू नये. सोमवारी रंगारी आधी ऑइल प्रायमर आणि तो वाळल्यावर रंग लावील. प्रायमरशिवाय रंग दिला की काताचा डाग पुन्हा वर येतो. दिवाळीपूर्वी दिलेल्या रंगाचे तेच झाले, ते पैसे वाया गेले.

कृपया कोणीही ॲसिड आणू नये. कोट्याच्या पायऱ्या त्याने कायमच्या खराब होतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद जिन्यात तो जिवावर बेतू शकतो.

कोपऱ्यांत देवांच्या चित्रांच्या फरशा लावाव्यात, अशी सूचना काही सभासदांनी केली होती. ती समितीने स्वीकारली नाही. थुंकणाऱ्यासमोर देवाला उभे करणे आम्हाला पटत नाही. पिंका पडतात त्या तिन्ही जागी अंधार असतो, म्हणून तिथे याच आठवड्यात दिवे बसवत आहोत.

ज्यांच्या घरी फर्निचरचे किंवा रंगाचे काम चालू आहे, त्यांनी कामगारांना तोंड धुण्यासाठी घरातली मोरी वापरू द्यावी आणि तसे त्यांना पहिल्याच दिवशी नीट सांगावे. घरात पान-तंबाखू खाणाऱ्यांनाही हीच विनंती. पुराव्याशिवाय वॉचमनवर किंवा पार्सल देणाऱ्या मुलांवर ग्रुपमध्ये आरोप करू नयेत. दंड ठरवण्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडला जाईल.

सोमवार-मंगळवार जिन्यातल्या भिंतींना हात लावू नये, सायकली टेकवू नयेत. मुलांनाही सांगून ठेवावे.

आपला,
सचिव
(व्यवस्थापक समितीच्या वतीने)