तास ७ : एमआरएनए गप्प कसा होतो?

मागच्या तासाला जांभळ्या पेटुनियाची गोष्ट अर्धवट राहिली होती. १९९०च्या सुमारास रंग गडद व्हावा म्हणून रंगद्रव्याच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर काही फुले चक्क पांढरी आली. जनुक वाढले आणि एमआरएनए घटला! उत्तराची दिशा १९९८ मध्ये फायर आणि मेलो यांनी दाखवली. त्यांनी सी. एलेगन्स या कृमीत unc-22 जनुकाचा आरएनए टोचला. एकेरी धाग्याने फारसे काही झाले नाही. दुहेरी आरएनए टोचताच कृमी थरथरू लागले, म्हणजे ते जनुक बंद पडले. हाच आरएनए हस्तक्षेप.

पेशीत डायसर हे विकर लांब दुहेरी आरएनएचे साधारण २१ ते २३ न्यूक्लिओटाइडचे तुकडे करते. यांना एसआयआरएनए म्हणतात. तुकड्याचा एक धागा आर्गोनॉट प्रथिनात बसतो, दुसरा फेकला जातो. बसलेला धागा म्हणजे मार्गदर्शक, आणि हे सगळे मिळून रिस्क संकुल.

मायक्रोआरएनए मात्र बाहेरून येत नाही, तो पेशीच्याच जनुकातून येतो. केंद्रकात ड्रोशा त्याचा केसपिनेसारखा दुमडलेला भाग कापून सुटा करते, एक्सपोर्टिन-५ तो बाहेर आणते, आणि पुढे पुन्हा डायसर व आर्गोनॉट. पहिला मायक्रोआरएनए, lin-4, १९९३ मध्ये याच कृमीत सापडला.

मग फरक कुठे? परीक्षेत इथेच गोंधळ होतो, म्हणून नीट पाहा. फरक जोडी किती जुळते यात आहे. एसआयआरएनए सहसा पूर्ण जुळतो; मग माणसात आर्गोनॉट-२ मार्गदर्शकाच्या १०व्या आणि ११व्या न्यूक्लिओटाइडसमोर एमआरएनए कापते. प्राण्यांतला मायक्रोआरएनए बहुधा अर्धवटच जुळतो, मध्ये फुगवटा राहतो, काप बसत नाही. तेव्हा आर्गोनॉट जीडब्ल्यू१८२ प्रथिनाला बोलावते. त्यामुळे भाषांतर मंदावते, पॉली-ए शेपटी आखडते, टोपी निघते आणि एमआरएनए झिजून जातो. वनस्पतींत मायक्रोआरएनएही बहुधा जवळजवळ पूर्ण जुळतो आणि कापतो, म्हणून ‘मायक्रोआरएनए कधीच कापत नाही’ असे लिहू नका.

मंगळवारी एकीने विचारले होते, “सर, अर्धवट जुळणी असेल तर लक्ष्य नेमके कसे सापडते?” प्रश्न मोलाचा आहे. निर्णायक असतो तो मार्गदर्शकाचा २ ते ८ हा भाग, म्हणजे बीज. सात अक्षरांचा विशिष्ट क्रम योगायोगाने सरासरी ४⁷, म्हणजे १६,३८४ अक्षरांत एकदा येतो. इतकी लहान खूण असंख्य एमआरएनएंच्या ३′ अभाषांतरित भागांत सापडणारच. म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर थोडा-थोडा लगाम ठेवू शकतो. एसआयआरएनए वापरतानाही बीज भलतीकडे जुळते. म्हणून एकाच जनुकासाठी दोन वेगळे एसआयआरएनए तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

गुरुवारी वहीत सोडवून आणा. let-7 चे बीज असे:

```
5'-GAGGUAG-3'
```

लक्ष्य एमआरएनएवर, ५′ कडून ३′ कडे वाचताना, कोणता क्रम शोधाल? दिशा चुकली तर उत्तर चुकले.