उसना हात : राज्यसंस्थेची क्षमता आणि करवसुली, कडेगाव तालुक्यातील एका गावावरून

दुबळी राज्यसंस्था कर गोळा करू शकत नाही, याचा दोष सहसा लोकांच्या चुकवेगिरीवर किंवा अधिकाऱ्यांच्या ढिलाईवर ठेवला जातो. मला तो अपुरा वाटतो. कर घेण्यापूर्वी राज्याला उत्पन्न दिसावे लागते, मोजावे लागते आणि ते कोणाच्या हाती जाते याची नोंद ठेवावी लागते. जिथे स्वतःची ही यंत्रणा नसते, तिथे राज्य दुसऱ्याचा हात उसना घेते. सांगली जिल्ह्यातील एका गावातील पाहणीवरून, उसन्या हाताची किंमत पुढे काय पडते, हे या निबंधात मांडले आहे.

समाजशास्त्रज्ञ मायकेल मान यांनी 1984 साली राज्याच्या सत्तेचे दोन प्रकार वेगळे केले. एक, समाजाला न विचारता हुकूम सोडण्याची सत्ता. दुसरी, समाजाच्या आत पोचून निर्णय अमलात आणण्याची. पहिली भरपूर आणि दुसरी तोकडी, अशी राज्ये बंदरावरचे सीमाशुल्क सहज घेतात, कारण माल एकाच दारातून येतो. शेत, घर, किरकोळ धंदा यांच्यापर्यंत मात्र त्यांचा हात पुरत नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांत कराचे देशांतर्गत उत्पादनाशी प्रमाण सरासरी 34 टक्क्यांच्या आसपास आहे, तर अनेक गरीब देशांत ते 15 टक्क्यांच्याही खाली राहते. श्रीमंत देशांत पगारातून मालकच कर कापतो. जिथे बहुतेकांना पगारपत्रकच नाही, तिथे कापणार कोण?

नमुना 8 मधले घर

मार्चअखेरीच्या वसुलीत मी ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याबरोबर तीन दिवस फिरलो. त्याच्या बगलेत नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंदवही होती. एका घरासमोर आम्ही थांबलो. वहीत दगड-मातीचे, पत्र्याचे घर. समोर दुमजली आरसीसी बंगला. फेरआकारणी का झाली नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, टेप घेऊन दारात उभं राहिलं, की चुलता चहाला बोलवतोय. मोजायचं राहूनच जातंय." थकबाकीसाठी जप्तीचा अधिकार कायद्याने ग्रामपंचायतीला आहे. पण ती जप्ती ज्या सरपंचाने करायची, त्याची मते त्याच आळीत आहेत. म्हणजे कायदा आहे, तो चालवायला लागणारे अंतर नाही.

अंतराचा हा प्रश्न इथे जुनाच आहे. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, महाल, म्हणजे महसुली विभाग, मक्त्याने दिले जात. मक्तेदाराला ठरलेली रक्कम सरकारात भरायची असे आणि वर जे मिळेल ते त्याचे. गावात त्या रकमेची वाटणी पाटील-कुलकर्णी करत. सरकारला रयत दिसत नव्हती, वतनदार तेवढे दिसत होते. 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून शेत-शेत मोजून प्रतवारी लावण्याची पद्धत उभी केली. ती रयतेच्या भल्यासाठी होती असे मी म्हणत नाही. पण सातबाऱ्यामागची जमीन-नोंदीची परंपरा त्या मोजणीकडे जाते, हे खरे.

उसाच्या बिलातली कपात

याच गावात ताकारी उपसा सिंचनाची पाणीपट्टी मात्र वसूल होते. पाटबंधारे खाते शेतकऱ्याच्या दारात जात नाही. साखर कारखाना उसाच्या बिलातून ती कापून खात्याकडे भरतो. ऊस एका काट्यावर येतो, पैसा एका खात्यातून निघतो. शेजारच्या द्राक्षबागायतदाराचा माल व्यापारी बागेतच उचलतो, तिथे कापायला जागाच नसते. ऊस गुऱ्हाळाला घातला, तरी तेच. पाणी तेच, शेतकरी त्याच भावकीतला. वसुली पिकाप्रमाणे बदलते. लोकांच्या नैतिकतेवर सगळे ढकलणारे स्पष्टीकरण मला म्हणूनच पटत नाही.

राज्यशास्त्रज्ञ मार्गारेट लेव्ही यांच्या मते लोक बऱ्याच अंशी स्वेच्छेने कर भरतात, पण दोन गोष्टी दिसल्या तरच : शेजारीही भरतो आहे, आणि राज्य बदल्यात काही देते आहे. इथली खोच दुसऱ्या गोष्टीत आहे. एका शेतकऱ्याने मला बिलाची पट्टी दाखवली. सोसायटी, पाणीपट्टी, इतर कपाती ओळीने छापलेल्या. पाणीपट्टी कोणाला गेली, असे विचारल्यावर त्याने "कारखान्यानं कापली" एवढेच सांगितले. रक्कम सरकारची, पण त्याच्या मनात देणे-घेणे कारखान्याशी.

वसुली झाली, नाते मात्र जुळले नाही. मक्तेदाराच्या काळी वरची रक्कम मध्यस्थाकडे राहत होती. आज पैसा पूर्ण पोचतो, पण मध्यस्थाकडे मान आणि वजन राहते. मी गावात होतो तेव्हा उन्हाळ्याचे आवर्तन लांबले होते. उभा ऊस वाळत होता. गावातील तीस-पस्तीस शेतकरी दोन टेम्पो करून निघाले. पाटबंधारे उपविभागाचे कार्यालय वाटेवरच लागते. टेम्पो तिथे थांबले नाहीत. ते सरळ कारखान्याच्या चेअरमनच्या बंगल्यावर गेले.