विषय: नव्या वितरण केंद्राच्या व्यवस्थापकपदाबद्दल माझं उत्तर

नमस्कार सर,

नव्या केंद्राची जबाबदारी तुम्ही मला देऊ केलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. उत्तरासाठी शुक्रवारपर्यंतची मुदत होती. पुढची जुळवाजुळव करायला तुम्हाला एक दिवस जास्त मिळावा म्हणून आजच लिहिते आहे. ही जबाबदारी मला या वेळी स्वीकारता येणार नाही.

खरं तर हे समोर बसून सांगायला हवं होतं. पण तुम्ही दौऱ्यावर आहात आणि एचआरला उद्या नाव कळवायचं आहे, म्हणून मेल.

कारण घरचं आहे. बाबांचं डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला साधारण चार तास. त्यांना नेण्या-आणण्याचं काम बहुतेक माझ्याकडेच असतं. त्यांना सोबत घेऊन जाता येईल का, याचीही चौकशी केली. तिथे ठरलेल्या वेळेला मशीन मिळण्यासाठी थांबावं लागेल असं कळलं, आणि डायलिसिसमध्ये थांबणं जमत नाही. घरचे "तू जा, आम्ही बघू" म्हणाले, तेही अगदी मनापासून. पण नवं केंद्र उभं राहत असताना पहिले काही महिने व्यवस्थापकाने तिथेच पाय रोवून राहायला हवं. अर्धं लक्ष घरच्या फोनकडे लागलेला माणूस तिथे पाठवणं कंपनीला परवडणार नाही, आणि ते काम तसं करणं मलाही पटणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण अशा नकाराचा अर्थ कधीकधी वेगळा लावला जातो. पगार, भत्ता, राहण्याची सोय यांपैकी कशाबद्दलही माझी तक्रार नाही. आकडा वाढवून मिळावा म्हणून हा नकार नाही. वाढवून दिलात तरी आज उत्तर हेच राहील. बाहेर कुठे बोलणीही चालू नाहीत.

कामाचा मोह मात्र खरंच झाला. तुम्ही पाठवलेल्या नकाशात परत आलेल्या मालासाठी मागच्या बाजूला वेगळा दरवाजा दाखवला आहे. आपल्याकडे जाणारा माल आणि परतीचा माल एकाच दारात अडकतो, स्कॅन न झालेली खोकी बाजूला पडून राहतात आणि महिनाअखेरीस स्टॉक जुळत नाही, यावरून मी तुमचं किती डोकं खाल्लं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. तो दरवाजा बघून हेवा वाटला! फक्त त्याच्या शेजारी तपासणीचं टेबल आणि खराब माल ठेवायला जाळीची खोली आत्ताच धरून ठेवा. बांधकाम झाल्यावर ती जागा कुणी सोडत नाही.

तिथे राहायला जाता येत नसलं, तरी हातभार लावायला मी तयार आहे. ज्यांची नेमणूक होईल त्यांना इथे बोलावून दोन आठवडे माझ्यासोबत ठेवता येईल. शिफ्टची आखणी, वाहतूकदारांचे दर, मोजणीचं वेळापत्रक, सगळं बसून समजावून देईन. केंद्र सुरू होताना महिन्यातून एकदा दोन-तीन दिवस तिथे जाणंही जमेल, तेवढे दिवस घरी भाऊ येऊन राहू शकतो. आमच्याच टीममधलं एक नाव माझ्या मनात आहे. पण त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय ते मेलवर लिहिणं बरं दिसणार नाही. तुमची हरकत नसेल तर भेटीत सांगते.

एक विनंती आहे. एचआरच्या नोंदीत "बढती नाकारली" एवढंच न येता "सध्या स्थलांतर शक्य नाही" असं यावं. दोन्हींत फरक आहे, आणि वर्षभराने फाइल उघडणाऱ्याला तो माझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही. मोठी जबाबदारी मला हवी आहे. इथे राहून सांभाळता येईल असं काही निघालं, दोन-तीन केंद्रांच्या स्टॉकचं एकत्रित काम असो की नव्या सॉफ्टवेअरचं, तर माझा विचार जरूर करा. बदलीबद्दलही कायमचं "नाही" म्हणत नाही. बाबांच्या किडनी प्रत्यारोपणाच्या तपासण्या चालू आहेत; त्यातून काय निष्पन्न होतं यावर बरंच अवलंबून आहे. चित्र बदललं तर तुम्ही विचारण्याची वाट न पाहता मीच येऊन सांगेन.

बाबांच्या आजाराबद्दल टीममध्ये फारसं कुणाला माहीत नाही. तेवढं आपल्यातच राहू द्या. एचआरला "कौटुंबिक कारण" एवढं पुरेल.

सोमवारी तुम्ही ऑफिसला आलात की सकाळच्या डिस्पॅचनंतर, साडेअकराच्या सुमारास केबिनमध्ये येऊ का? टीममधल्या त्या नावाबद्दलही तेव्हाच बोलता येईल.

आपली,
केतकी
प्रमुख, गोदाम व डिस्पॅच विभाग