उपसा: कादंबरीचा सारांश

लांबी सुमारे ८४,००० शब्द. काळ १९६६ ते २०२३. स्थळ इंदूर, नारायणबागेजवळचा एक वाडा आणि त्याच्या मागची गल्ली. निवेदन प्रमाण मराठीत आहे, संवाद मात्र इंदुरी मराठीत, जिथे माणसं 'मी येऊन राहिले आहे' म्हणतात. मागच्या गल्लीतली माणसं हिंदी-माळवीत बोलतात. ते संवाद मी मराठीत आणलेले नाहीत, कारण एका विहिरीच्या दोन बाजूंना दोन भाषा असणं हा या गोष्टीचाच भाग आहे. खाली शेवटासकट सगळं कथानक सांगते आहे.

३० मार्च २०२३, रामनवमी. इंदुरातल्या एका मंदिरात जुन्या बावडीवर घातलेला स्लॅब कोसळतो आणि ३६ माणसं जातात. ही घटना खरी आहे. कादंबरी तिच्यानंतर दोन आठवड्यांनी सुरू होते. शहरातल्या झाकलेल्या विहिरी-बावड्यांची पाहणी चालू आहे. वहीपेन घेतलेला एक तरुण नारायणबागेतल्या वाड्यात येतो आणि ओट्यावर बसलेल्या बहात्तर वर्षांच्या सुमन गोखलेला विचारतो, "आजी, इथे कधी विहीर होती का?" सुमन 'नाही' म्हणते. ती बसली आहे तिथून दहा पावलांवर, १९८३ साली टाकलेल्या स्लॅबवर, पत्र्याच्या तीन खोल्या आहेत आणि त्यांत क्लाससाठी इंदुरात आलेली सहा मुलं राहतात.

ती खोटं का बोलली, याचं उत्तर १९६६ च्या मे महिन्यात आहे.

वाड्यात अकरा बिऱ्हाडं. शहराला यशवंतसागरचं पाणी पुरत नाही आणि नळ दिवसाआड फुसफुसतो. या वाड्याच्या विहिरीला मात्र भर उन्हाळ्यात दोन पुरुष पाणी असतं, म्हणून त्या वर्षी ती गल्लीसाठीही खुली करायला लावली आहे. सुमनचे वडील, दादा, पाणीखात्यात ओव्हरसियर. विहिरीच्या पाळ्यांची वही त्यांच्याकडे. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नाही, म्हणून वही पंधरा वर्षांची सुमन लिहिते. तिचं अक्षर सुंदर आहे आणि तिला त्याचा अभिमान आहे.

मागच्या गल्लीतली गेंदाबाई वाड्याचे संडास साफ करते. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ सालीच झाला आहे आणि दादांना तो पाठ आहे. त्यामुळे वाड्यात तिला कोणी 'नाही' म्हणत नाही. सुमनची आई, आक्का, कठड्याच्या आतून तिच्या हंड्यात वरून पाणी ओतते. रोज एक हंडा, सगळ्यांच्या पाळ्या झाल्यावर. मग मालकांच्या मुलीचं लग्न निघतं आणि चार दिवस विहीर लग्नघरासाठी राखायची असं वाड्यात आपसात ठरतं. गेंदाबाई आपली नऊ वर्षांची शांता आणि चार वर्षांचा गोपाळ यांना घेऊन दारात उभी राहते. त्या दिवशी वहीत नोंद होते: 'पाणी तळाला. पाळी बंद.' अक्षर सुमनचं, खाली सही दादांची.

गेंदाबाई खान नदीकाठच्या, वापरात नसलेल्या बावडीतून पाणी आणते. घरातल्या सगळ्यांना हगवण लागते. गोपाळ तिसऱ्या दिवशी जातो. वाड्यात 'ऊन लागलं' असं बोललं जातं. लग्न पार पडतं. त्या दिवसापासून दादा वाड्याच्या विहिरीचं पाणी पीत नाहीत. रोज पहाटे कळशी घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या नळावर जातात आणि मरेपर्यंत जात राहतात. का, ते कोणाला सांगत नाहीत. सगळे समजतात, दादांनी ती नोंद लिहवून घेतली आणि आता त्याचं प्रायश्चित्त घेत आहेत. वाचकालाही बराच काळ तसंच वाटावं अशी मांडणी आहे.

दुसरा भाग १९७० चा. नर्मदेचं पाणी इंदूरला मिळालं पाहिजे म्हणून सारं शहर रस्त्यावर उतरतं. सुमनचा थोरला भाऊ वसंत, बावीस वर्षांचा, मोर्च्यात पुढे असतो, लाठी खातो आणि गल्लीचा नेता होतो. राजवाड्यासमोरच्या गर्दीत सुमनला शांता दिसते, तेरा वर्षांची, डोक्यावर रिकामा हंडा. आंदोलनात रिकामा हंडा ही खूण असते, शांताच्या घरी मात्र तो रोजचाच. सुमन गर्दीत तोंड लपवते. हा भाग मी मुद्दाम आखूड ठेवला आहे. आंदोलनाची कहाणी सांगणारे इंदुरात पुष्कळ आहेत, मला त्या गर्दीतल्या दोन मुलींपुरतंच तिथे थांबायचं होतं.

१९७८. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसलेलं नर्मदेचं पाणी विंध्याचा घाट चढून, सुमारे सत्तर किलोमीटर वाट चालून शहरात येतं. सुमन आता पाणीखात्यात कारकून आहे. नवीन जोडण्यांच्या अर्जांचा गठ्ठा तिच्या टेबलावर येतो. ती गेंदाबाईच्या गल्लीचा अर्ज तळातून काढून वर ठेवते. आयुष्यात नियम मोडून केलेलं हे तिचं एकच काम. नळ आल्यावर गेंदाबाई नारळ आणि पेढे घेऊन कचेरीत येते आणि सगळ्यांसमोर एक पेढा सुमनच्या हातावर ठेवते. सुमन तो खाते. हे प्रकरण नऊ पानांचं आहे आणि माझ्या मते कादंबरीचा जीव तिथे आहे. ज्या बाईचं मूल गेलं तीच आभार मानते आहे, आणि 'आभार मानू नका' एवढं म्हणायलाही सुमनला तोंड नाही. त्याच वर्षी दादा जातात. शेवटी त्यांच्या तोंडात नर्मदेचं पाणी घालतात आणि ते पितात.

पुढची वर्षं मी झरझर नेली आहेत. सुमन लग्न करत नाही. वसंत मालकांकडून वाडा विकत घेतो, १९८३ साली विहिरीवर स्लॅब टाकतो. पाळ्यांची वही सुमनच्या ट्रंकेत जाते. आक्का जाते. गेंदाबाई जाते. शांता आईच्या जागी सफाईकामाला लागते, निवृत्त होते आणि त्याच गल्लीत राहते.

पुन्हा २०२३. वसंतचा मुलगा वाडा बिल्डरला विकायला काढतो. सुमनच्या नावावर एक हिस्सा आहे, तिची सही लागणार. कागदोपत्री विहीर दिसली तर व्यवहार अडेल, त्यामुळे तिनं 'नाही' म्हटलं याचा घरात सगळ्यांना आनंद आहे. मग एका रात्री पत्र्याच्या खोलीतला एक मुलगा तिला सांगायला येतो की फरशीला बोटभर भेग पडली आहे. सकाळी सुमन स्वतः कचेरीत जाते आणि लिहून देते: विहीर आहे, तिच्यावर सहा मुलं झोपतात, आजच्या आज हलवा. मुलं त्याच दिवशी हलवली जातात.

वसंत भडकतो. भांडणात तो म्हणतो, "दादांचं पाप आता चव्हाट्यावर आणून राहिली आहेस." तेव्हा सुमनच्या तोंडून सत्तावन्न वर्षं दाबलेली गोष्ट निघते. त्या दिवशी दादा घरी नव्हतेच, जलाशयाच्या कामावर होते. नोंद आक्कानं सांगितली आणि सुमननं लिहिली. सुमननं तेव्हा विहिरीत डोकावून पाहिलं होतं, पाणी होतं, तरीही लिहिली. संध्याकाळी घरी आलेल्या दादांना वही वाचून दाखवल्यावर ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी गोपाळ गेला. त्या रात्री, उद्या चौकशी झाली तर बायको आणि मुलगी अडकू नयेत, म्हणून त्यांनी अंदाजानं खाली सही केली. सही रेघ सोडून तिरपी गेली आहे. ही तिरपी सही पहिल्या भागापासून वाचकासमोर आहे, तिचा अर्थ इथे कळतो.

सुमन वही घेऊन शांताकडे जाते. शांता तिला आत बोलावत नाही. दारातच सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "माँ को मालूम था. रस्सी गीली थी." त्या दिवशी पाणी तळाला असल्याचं ऐकताना गेंदाबाईला कठड्यावरचा ओला दोर दिसला होता. पेढे देतानाही तिला ते माहीत होतं. "फिर पेढ़ा क्यों?" सुमन विचारते. "पानी आया था, इसलिए. तेरे लिए थोड़ी."

सुमन माफी मागते. शांता माफ करत नाही. ती एकच गोष्ट सांगते: वहीत नाव लिही. सुमन उंबऱ्यावर बसून, आता थरथरणाऱ्या अक्षरात, जुन्या नोंदीखाली लिहिते: 'विहिरीत दोन पुरुष पाणी होतं. गेंदाबाईंना पाणी नाकारलं. त्यांचा मुलगा गोपाळ, वय ४, तिसऱ्या दिवशी गेला. वरची नोंद खोटी आहे, ती मी लिहिली. सुमन.' शांताला वाचता येतं. ती दोनदा वाचते, वही आत घेऊन जाते आणि दार लावते. वही सुमनकडे परत येत नाही.

स्लॅब तोडला जातो. विहीर बुजवायची की ठेवायची यावर वाद होतो. ती उघडी राहील आणि गल्लीकडून तिला वेगळं फाटक असेल, असं लिहून दिल्याशिवाय सुमन विक्रीच्या कागदावर सही करत नाही. बिल्डर व्यवहार सोडतो. वसंत तिच्याशी बोलणं बंद करतो. ती वाड्यातली खोली सोडून छत्रीबागेत भाड्यानं राहायला जाते. वसंत शेवटपर्यंत बोलत नाही. इथे समेट घडवायचा मोह मला झाला होता. पहिल्या खर्ड्यात तो होता, दुसऱ्यात काढला.

शेवटचं प्रकरण उपशाचं. जुनं पाणी आणि चाळीस वर्षांचा गाळ काढायला पंप तीन दिवस चालतो. खाली प्लास्टिक, विटा, एक फुटकी घागर आणि काळा चिखल निघतो. चौथ्या दिवशी तळाच्या खडकातला झरा दिसतो आणि रात्रीतून पुरुषभर पाणी चढतं. सकाळी गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन नव्या फाटकातून येतात. हे पाणी प्यायचं नाही, तपासणी व्हायची आहे, असं सुमन प्रत्येकीला सांगते. धुण्याभांड्यांना चालेल, म्हणते. दोर ओला होतो. कामावरून परतणाऱ्या सुनेला घ्यायला शांता त्याच वाटेनं येते, फाटकापाशी क्षणभर थांबते, विहिरीकडे बघते, सुमनकडे बघत नाही, आणि सुनेच्या हातातली पिशवी घेऊन पुढे निघून जाते. सुमनच्या हातात आता वही नाही. रांगेतली पुढची बाई विचारते, "अम्मा, मेरा नंबर है क्या?" सुमन बाजूला सरकते आणि दोर तिच्या हातात देते.